‘आवाज येतोय ना?’ : वेबिनार सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल

तुमचा वेबिनार अकराचा असेल, तर आम्ही १० वाजून ५० मिनिटांनी दार उघडतो. ‘एवढ्या लवकर कशाला? तोवर बोलायचं काय?’ असं जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो. हे पत्रक त्या दहा मिनिटांपुरतंच आहे.

सभागृहात लोक आत येताना दिसतात. वेबिनारमध्ये कोपऱ्यातला आकडा तेवढा वाढतो, ७ चे १९, १९ चे ४३. दहा पन्नासला आलेला माणूस दहा मिनिटं बसून असतो आणि दहा अठ्ठावन्नला आलेल्याला तुम्ही आधी काय बोललात याचा पत्ताही नसतो. म्हणून या वेळेत भाषण उपयोगाचं नाही. लागतं ते चाळीस-पन्नास सेकंदांचं एक छोटं स्वागत, दर दोन मिनिटांनी पुन्हा म्हणायचं. मधल्या वेळात तुम्ही चॅट वाचता. ‘तेच तेच किती वेळा सांगू?’ असा संकोच सगळ्यांना वाटतो. पण तुम्ही पाचव्यांदा सांगत असलात, तरी नुकत्याच आत आलेल्यासाठी ते पहिल्यांदाच असतं.

तेच लेखी मजकुराचंही. झूमच्या वेबिनारमध्ये उशिरा आलेल्याला त्याच्या आधीचं चॅट सहसा दिसत नाही. दहा एक्कावन्नला टाकलेली फाइलची लिंक दहा अठ्ठावन्नला आलेल्याच्या पडद्यावर नसतेच आणि मग सत्राच्या ऐन मध्यात ‘लिंक कुठे आहे?’ सुरू होतं. लिंक आणि प्रश्न, दोन्ही प्रत्येक फेरीत नव्याने चिकटवायचे. आमचा माणूस ते करतो. तुम्ही फक्त ‘लिंक आत्ता पुन्हा टाकली आहे’ असं म्हणा.

स्वागताचा मजकूर साधारण असा ठेवा:

‘नमस्कार मंडळी, बरोबर अकराला सुरू करू. तुमचा माइक बंदच राहणार आहे, त्यामुळे घरातल्या आवाजाची काळजी नको. माझा आवाज नीट येत असेल तर चॅटमध्ये १ लिहा, अडखळत असेल तर २. आणि आजच्या विषयात तुमचं काम नेमकं कुठे अडतं, ते एका ओळीत लिहून ठेवा. मराठीत लिहा, रोमन लिपीत लिहा, चुका झाल्या तरी चालतील. नावं सगळ्यांना दिसतात, म्हणून फोन नंबर वगैरे मात्र टाकू नका.’

यातलं १ आणि २ मुद्दाम आहे. ‘आवाज येतोय का?’ असं नुसतं विचारलं की बहुतेक जण दुसरा कोणीतरी सांगेल म्हणून गप्प बसतात. एक आकडा दाबायला कष्ट नाहीत, आणि एकदा हात चॅटवर गेला की पुढची ओळ लिहायला माणूस कचरत नाही. विचारल्यावर मात्र वीस सेकंद शांत राहा. ही शांतता बोलणाऱ्याला फार मोठी वाटते, पण समोरचा फोनवर चॅटची खिडकी शोधतोय, मग कीबोर्ड बदलतोय. पाचव्या सेकंदाला तुम्ही पुन्हा बोलायला लागलात, तर तो लिहायचं सोडून ऐकायला लागतो.

आता प्रश्न कोणता विचारायचा? ‘काही शंका आहेत का?’ नको, कारण अजून शिकवलंच काही नाही तर शंका कशाची येणार? ‘कुठून बोलताय?’ याला धडाधड उत्तरं येतात, वातावरण सैल होतं, आमचा विरोध नाही. फक्त त्यातून वक्त्याच्या हाती काही लागत नाही. ‘काम कुठे अडतं?’ याने लागतं.

उदाहरण म्हणून एक्सेलमधल्या पिव्होट टेबलवरचं, म्हणजे मोठ्या तक्त्याचा सारांश काढण्यावरचं, तासाभराचं सत्र घ्या. समजा, अकरा वाजेपर्यंत चॅटमध्ये चौदा ओळी जमल्या. दोघांनी नुसतं ‘गुड मॉर्निंग’ लिहिलंय, एकाला रेकॉर्डिंग मिळणार का ते हवंय. राहिलेल्या अकरांपैकी सहा जण वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगतायत: तारखा महिन्यांप्रमाणे एकत्र होत नाहीत. तिघांचं म्हणणं, मूळ तक्त्यात आकडा बदलला तरी पिव्होटमध्ये जुनाच दिसतो. दोन प्रश्न भलत्याच विषयावरचे आहेत. वक्त्याच्या आराखड्यात तारखांचा भाग शेवटच्या दहा मिनिटांत होता. तो तिने पंधराव्या मिनिटाला आणायचा, आणि दाखवायला तारखांच्या रकान्यातली एक तारीख मुद्दाम मजकूर म्हणून टाकायची, कारण बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. जुन्या आकड्याचं उत्तर एका वाक्याचं आहे: पिव्होट सहसा आपोआप बदलत नाही, ‘Refresh’ दाबावं लागतं. ते लगेच सांगून टाकायचं. सहा जणांना आपलं म्हणणं ऐकलं गेल्याचं पंधरा मिनिटांत कळतं.

हे वर्गीकरण वक्त्याने स्वतः करू नये. बोलता बोलता चॅट वाचणारा दोन्हीकडे अडखळतो. आमचा माणूस ओळी वाचून, एकसारख्या एकत्र करून, सत्राच्या दोन मिनिटं आधी वक्त्याला वेगळ्या निरोपात दोन-तीन वाक्यं पाठवतो. रेकॉर्डिंगसारख्या प्रश्नांना तिथल्या तिथे लेखी उत्तर देतो. कोणाचा प्रश्न मोठ्याने वाचलात तर पहिलं नाव घ्या, आडनाव राहू द्या.

एक चूक आमच्या हातून झाली आहे, ती सांगतो, कारण ती बाहेरून दिसत नाही. झूममध्ये प्रेक्षकांचं चॅट कोणापर्यंत जाईल याची सेटिंग असते. त्या दिवशी ती ‘Hosts and panelists’ वर राहिली होती. आम्हाला भराभर ओळी दिसत होत्या, म्हणून आम्ही खूश. प्रेक्षकांना मात्र आपल्याशिवाय कोणाचंच लिहिलेलं दिसत नव्हतं. शेवटी एका बाईंनी लिहिलं, ‘मी एकटीच आहे का इथे?’ तेव्हापासून दार उघडण्याआधी सेटिंग ‘Everyone’ वर आहे का ते पाहतो, आणि एका वेगळ्या फोनवरून साधा प्रेक्षक म्हणून आत जाऊन बघतो. यजमानाच्या पडद्यावर सगळं ठीक दिसणं हा पुरावा नव्हे.

सराव सत्र चालू ठेवलं असेल, तर ‘Start Webinar’ दाबेपर्यंत प्रेक्षक बाहेरच थांबतात. ते बटण दाबल्यानंतर ‘स्लाइड कुठे ठेवली रे?’ हे सगळ्यांना ऐकू जातं, एवढं लक्षात असू द्या.

वेबिनार यूट्यूबवरही जात असेल, तर तिथला प्रेक्षक तुमच्या काही सेकंद मागे असतो, कधी त्याहून बराच जास्त. तुम्ही विचारलेलं त्याला उशिरा ऐकू येतं, मग तो लिहितो, मग ते तुमच्यापर्यंत पोचतं. तिथे वीस सेकंदही अपुरे पडतात. आम्ही प्रश्न पडद्यावर स्लाइड म्हणून ठेवतो आणि तिथली उत्तरं पुढच्या फेरीत घेतो.

अकरा वाजले की सुरू करायचं. ‘अजून दोन-चार जण येतायत, पाच मिनिटं थांबू’ हे आम्हाला पटत नाही. दहा पन्नासपासून बसलेल्याला ती शिक्षा होते. गर्दी खूपच कमी असेल तर फार तर दोन मिनिटं, आणि ती सुद्धा आधी आलेल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर देण्यात घालवावी.

सत्राच्या आदल्या दिवशी आम्हाला तुमच्याकडून तीन गोष्टी लागतील: ‘काम कुठे अडतं?’ हा प्रश्न तुमच्या विषयाच्या शब्दांत, चॅटमध्ये टाकायची लिंक, आणि सत्राचे कोणते भाग पुढेमागे करता येतात याची खूण केलेला आराखडा. हा आराखडा नसेल तर जमवलेले प्रश्न शेवटी प्रश्नोत्तरांतच जातात.