फोटोतल्या मस्टरचा तक्ता: आम्ही तो कसा करतो आणि कसा तपासतो

हाताने भरलेल्या मस्टरचा फोटो तुम्ही पाठवता आणि आम्ही त्याचा एक्सेलचा तक्ता करून देतो. एका ओळीत एक कामगार, पुढे तारखांचे रकाने, प्रत्येक घरात हजर की गैरहजर ही खूण. या कामात खरी अडचण कुठे येते आणि तुमच्या हातात तक्ता पडतो तेव्हा तो कशाच्या भरवशावर बरोबर मानायचा, हे नीट कळावं म्हणून हे माहितीपत्रक लिहिलं आहे. पुढचं उदाहरण भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचं आहे: २२ कामगार, जून २०२५चा मस्टर.

बहुतेकांना वाटतं की अक्षर खराब असेल तर चूक होते. अक्षराची चूक होते, पण ती एका घरापुरती असते आणि सापडते. जास्त नुकसान करते ती सरकलेली ओळ. एका कामगाराची हजेरी त्याच्या खालच्याच्या नावावर चढते, त्याची पुढच्याच्या नावावर, आणि तक्ता दिसायला अगदी स्वच्छ दिसतो. अशा तक्त्यावर पगार निघाला तर रोज येणाऱ्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचे खाडे लागतात. म्हणून आमचं निम्मं काम वाचण्याचं असतं आणि निम्मं ओळी जागेवर आहेत की नाहीत हे बघण्याचं.

फोटो आला की आधी पानाचे चार कोपरे धरून तो सरळ करतो, कारण फोन जरा तिरका धरला तरी वरचे रकाने अरुंद आणि खालचे रुंद दिसतात. मग छापील आडव्या-उभ्या रेघा शोधून पानाची घरं पाडतो. हे सगळं सॉफ्टवेअर करतं. प्रत्येक घराचा छोटा तुकडा कापून त्यातली खूण कोणत्या प्रकारची आहे, हेही आधी तेच ठरवतं. नावं मात्र आम्ही नुसत्या फोटोवरून लिहीत नाही. तुमच्याकडची टाइप केलेली कामगारांची यादी, म्हणजे टोकन नंबर आणि पूर्ण नाव, शेजारी ठेवून जुळवतो. मस्टरमध्ये ‘पवार सं.’ असं दोनदा आलं तर कोणता संतोष आणि कोणता संदीप, हे टोकन नंबरच सांगतो.

खुणांबद्दल आधी तुम्हाला विचारावं लागतं. प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. कुठे ‘अ’ म्हणजे अनुपस्थित, कुठे ‘अ’ म्हणजे अर्धा दिवस. कुठे सकाळी आला की एक तिरकी रेघ मारतात आणि दुपारच्या हजेरीला दुसरी उलटी रेघ, म्हणजे फुली झाली की तो पूर्ण दिवस हजर. हे आधी माहीत नसेल तर कुणीही फुलीला गैरहजर समजेल आणि अख्खा महिना उलटा होईल. म्हणून फोटोसोबत दोन ओळींत लिहून द्या: हजर कसं लिहिता, खाडा कसा, अर्धा दिवस कसा, रजा कशी. मस्टर भरणाऱ्या माणसालाच विचारून लिहा. मालकाला वाटतं ते आणि तो भरतो ते, यात कधीकधी फरक असतो.

तक्त्यात आम्ही P, A, अर्ध्या दिवसाला H, साप्ताहिक सुट्टीला W आणि रजेला L लिहितो. ज्या घरात मस्टरमध्ये काहीच लिहिलेलं नाही ते तक्त्यातही रिकामंच राहतं. रिकाम्याचा अर्थ गैरहजर असा आम्ही कधीच लावत नाही. कामगार महिन्याच्या मध्ये रुजू झाला असेल, काम सोडून गेला असेल किंवा त्या दिवशी हजेरी लावायची राहून गेली असेल. यातलं काय खरं, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. खाडाखोड किंवा व्हाइटनर असेल आणि खालची-वरची खूण नक्की सांगता येत नसेल, तर त्या घरात प्रश्नचिन्ह टाकून ते पिवळं करतो. अंदाजाने P लिहिला तर तक्ता पूर्ण दिसेल, पण तो आमचा अंदाज आहे हे तुम्हाला कळणारच नाही.

आता भोसरीचं उदाहरण. या मस्टरचा एक महिना समोरासमोरच्या दोन पानांवर होता. डाव्या पानावर अनुक्रमांक, नाव आणि १ ते १५ तारखा. उजव्या पानावर १६ ते ३० आणि शेवटी ‘एकूण दिवस’. उजव्या पानावर नावं नव्हती, अनुक्रमांकही नव्हता. अशा मस्टरमध्ये ओळ सरकायला एवढंच पुरतं.

पहिली तपासणी सुट्टीच्या रकान्यांची. भोसरीच्या औद्योगिक भागात गुरुवारी सुट्टी असते आणि जून २०२५मध्ये गुरुवार ५, १२, १९ आणि २६ तारखेला आले. या चार रकान्यांत वरपासून खालपर्यंत ‘सु’ दिसायला हवा. तोच जर २० आणि २७ तारखेला दिसला असता तर १९च्या आधी कुठेतरी रकाने एका घराने सरकलेत, असं लगेच कळलं असतं. बहुधा १५ आणि १६च्या मधल्या घडीत असं होतं. इथे चारही रकाने जागेवर होते. पण या तपासणीला एक मर्यादा आहे: आडवी घसरण यात सापडते, उभी सापडत नाही. ओळ खाली-वर झाली तरी सुट्टीच्या रकान्यात सगळीकडे ‘सु’च असतो.

उभी घसरण इथे खरोखरच झाली होती. उजव्या पानाचा फोटो काढताना सगळ्यात वरची ओळ फ्रेमच्या बाहेर गेली होती. तरी ओळी मोजल्या तर बरोबर २२ भरत होत्या, कारण पानाच्या तळाशी रोजच्या हजर माणसांची बेरीज लिहिलेली ओळ होती आणि तीच २२व्या कामगाराची म्हणून मोजली गेली. शेवटच्या कामगाराच्या घरांत P आणि A ऐवजी २०, २१, १९ असे आकडे आले, तेव्हा ते लक्षात आलं. आम्ही ग्राहकाकडून वरची कड दिसेल असा नवा फोटो मागवला. अशी तळाची बेरीज नसती तर ओळी २१च भरल्या असत्या आणि चूक आधीच कळली असती. ओळींची संख्या जुळली म्हणून गाफील राहता येत नाही, हे यातून आम्हीही शिकलो.

नव्या फोटोवरून तक्ता पुन्हा केला आणि दोन्हीकडून बेरजा लावल्या. आडवी बेरीज म्हणजे एका कामगाराचे एकूण दिवस, उभी बेरीज म्हणजे त्या तारखेला किती माणसं हजर होती. तक्त्यात पहिले तीन स्तंभ क्रमांक, टोकन आणि नाव यांचे, त्यापुढे ३० दिवस. पाचव्या ओळीतल्या कामगाराचे दिवस असे मोजले जातात:

```
=COUNTIF(D5:AG5,"P")+COUNTIF(D5:AG5,"H")/2
```

शेजारच्या स्तंभात मस्टरवर हाताने लिहिलेली बेरीज आणि त्यापुढे दोन्हींतला फरक. हा फरकाचा स्तंभ तुम्हाला दिलेल्या फाइलमध्ये तसाच ठेवलेला असतो.

इथे २२पैकी २० कामगारांचे दिवस जुळले. दोघांचे जुळले नाहीत, आणि दोघांची गोष्ट वेगळी निघाली.

अनुक्रमांक ६ असलेल्या कामगाराचे आमच्या वाचनात २४ दिवस येत होते, मस्टरवर २५. उभ्या बेरजांत फक्त १८ तारखेला फरक होता: आमचे २०, मस्टरचे २१. सहावी ओळ आणि १८ तारीख जिथे एकमेकांना छेदतात ते एकच घर संशयित राहिलं. तो तुकडा मोठा करून पाहिला. रिफिल अडखळल्यामुळे शाई उमटलीच नव्हती, कागदावर P चा नुसता दाबाचा ओरखडा होता. सॉफ्टवेअरने ते घर रिकामं धरलं होतं. ग्राहकाने मूळ मस्टर उजेडात तिरका धरून पाहिला आणि P असल्याचं सांगितलं. तक्ता दुरुस्त झाला, दोन्ही बेरजा जुळल्या.

अनुक्रमांक १५चे आमचे २२½ दिवस, मस्टरवर २३. उभ्या बेरजा मात्र सगळ्या जुळत होत्या. वरवर पाहता यावरून मस्टरची बेरीज चुकली असंच वाटतं. पण तळाच्या ओळीत माणसं मोजलेली असतात. अर्धा दिवस आलेला माणूसही त्यात एकच धरला जातो. म्हणजे या ओळीत ½ लिहिलेलं ११ तारखेचं घर H असो की P, उभी बेरीज तीच राहणार. अर्ध्या दिवसाच्या बाबतीत उभी बेरीज साक्ष देऊ शकत नाही. फोटोत ½ स्पष्ट दिसत होतं, तरीही आम्ही ते घर पिवळं करून विचारलं. सुपरवायझरने सांगितलं की तो कामगार त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर घरी गेला होता. बेरीज करताना अर्ध्याचा एक धरला गेला होता. तक्त्यात २२½ राहिले आणि मस्टरचे २३ शेजारी तसेच दिसत ठेवले. मस्टरवर लिहिलेला आकडा आम्ही बदलत नाही.

बेरजा मराठी आकड्यांत लिहिलेल्या असतील तर आम्ही त्या स्वतः डोळ्यांनी वाचतो. इंग्रजी आकड्यांवर तयार केलेलं सॉफ्टवेअर मराठी १ला इंग्रजी नऊ समजतं आणि ४ला आठ. ज्या बेरजेच्या आधारे तपासायचं तीच चुकीची वाचली तर तपासणीला अर्थ उरत नाही. ज्या मस्टरमध्ये बेरजाच लिहिलेल्या नाहीत, त्याचा तक्ता आम्ही करून देतो, पण पहिल्या पानावर ‘बेरजेशी पडताळलेला नाही’ असं लिहून. अशा वेळी निदान चार-पाच कामगारांच्या ओळी तुम्ही स्वतः मूळ मस्टरशी ताडून बघाव्यात.

एकाच ओळीत एक P जास्त आणि एक कमी वाचला गेला तर आडवी बेरीज जुळते. ती चूक उभ्या बेरजा पकडतात. मात्र मस्टर नंतर कुणी भरला, कुणाच्या वतीने हजेरी लागली, हे फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. आमचा तक्ता मस्टरमध्ये काय लिहिलं आहे तेवढंच सांगतो. मूळ मस्टर जपून ठेवा. त्याची जागा हा तक्ता घेत नाही.

फोटो काढताना मस्टर टेबलावर सपाट उघडा आणि घडीजवळ हाताने दाबून धरा, म्हणजे १५ आणि १६चे रकाने आत जाणार नाहीत. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड चांगला. फ्लॅशने चकचकीत कागदावर पांढरा डाग पडतो आणि त्याखालची घरं जातात. प्रत्येक पानाचा वेगळा फोटो घ्या, चारही कडा आणि तळाची बेरीज दिसू द्या. उजव्या पानावर अनुक्रमांक नसतील तर फोटोच्या आधी कडेला पेन्सिलने १ ते शेवटपर्यंत लिहून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, पण वर सांगितलेली घसरण तेवढ्याने टळली असती. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि फिकट खुणा पुसल्या जातात.

फोटोसोबत तीन गोष्टी लागतात: महिना आणि साप्ताहिक सुट्टीचा वार, खुणांचे अर्थ, आणि टोकन नंबरसह कामगारांची यादी. तक्ता मिळाल्यावर आधी पिवळी घरं आणि फरकाचा स्तंभ बघा, मूळ मस्टरवरून उत्तरं कळवा. त्यानंतर अंतिम फाइल पाठवतो. तुम्ही ती मिळाल्याचं कळवलंत की ३० दिवसांनी फोटो आणि यादी आमच्याकडून पुसून टाकतो.