थरथरणारे हृदय आणि शॉक देणारे यंत्र

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो फुटबॉल स्पर्धेतील डेन्मार्क विरुद्ध फिनलंड हा सामना मध्यंतराकडे झुकलेला असताना डेन्मार्कचा २९ वर्षांचा खेळाडू क्रिस्टियन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता मैदानावर कोसळला. संघाचे डॉक्टर त्याच्याजवळ पोचले तेव्हा त्याचा श्वास चालू होता आणि नाडीही लागत होती. मात्र पाहता पाहता दोन्ही थांबले. मग छातीवर दाब देणे सुरू झाले आणि डिफिब्रिलेटरच्या एकाच शॉकनंतर तो शुद्धीवर आला. त्याला हृदयविकाराचा झटका आला नव्हता, तर त्याची हृदयक्रिया अचानक बंद पडली होती. बोलण्यात या दोन्ही गोष्टींना आपण सर्रास ‘हार्ट अटॅक’ म्हणतो, पण त्या वेगळ्या आहेत.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या धमनीत गुठळी अडकते आणि त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, घाम फुटतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते. पण हृदय धडधडत असते आणि रुग्ण बहुधा बोलू शकतो. हृदयक्रिया अचानक बंद पडते तेव्हा बिघाड विजेच्या संदेशांत असतो. एरवी हे संदेश ठरलेल्या वाटेने जातात आणि स्नायू एकजुटीने आकुंचन पावतो. ती शिस्त मोडली की खालच्या दोन कप्प्यांतील तंतू आपापल्या तालावर थरथरू लागतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. अशा हृदयातून रक्त बाहेर पडत नाही आणि साधारण दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. धमनीतील गुठळीमुळेही अशी थरथर सुरू होऊ शकते. म्हणूनच छातीत दुखणाऱ्या माणसाला रुग्णवाहिका येईपर्यंत क्षणभरही एकटे सोडू नये.

कोसळलेला माणूस पुष्कळदा आचके देतो. जबडा हलतो, थांबून थांबून घरघरल्यासारखा आवाज येतो, कधी हातपायही झटके देतात. भोवतालच्या लोकांना वाटते की श्वास चालू आहे किंवा फीट आली आहे, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक येथेच होते. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद मिळत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर हृदय बंद पडले आहे असे धरूनच पुढे जावे. नाडी चाचपण्यात सामान्य माणसाने वेळ घालवू नये, कारण घाईगर्दीत स्वतःच्याच बोटांतील ठोका रुग्णाचा वाटू शकतो.

अशा प्रसंगी करायच्या गोष्टींची ‘जीवरक्षक साखळी’ मांडलेली आहे: ओळखणे आणि मदत बोलावणे, छातीवर दाब देणे, शॉक, रुग्णालयातील उपचार आणि त्यानंतरची काळजी. तिच्यातील दुसरी आणि तिसरी कडी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. थरथरणारा स्नायू स्वस्थ नसतो. तो उरलीसुरली ऊर्जा झपाट्याने जाळत असतो. सुरुवातीला ईसीजीवर उंच, वेड्यावाकड्या लाटा दिसतात, मग त्या बारीक होत जातात आणि शेवटी सरळ रेषा उरते. शॉकचा उपयोग लाटा जिवंत आहेत तोवरच असतो. काहीच केले नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. कोणी छाती दाबत असेल तर ही घसरण ३ ते ४ टक्क्यांवर येते. हाताचा दाब थोडेसे रक्त मेंदूला आणि हृदयालाच पोचवतो, आणि थरथर शॉक देण्याजोगी ठेवतो. त्यासाठी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी.

मिनिटांची किंमत किती असते, हे अमेरिकेतील कॅसिनोंमध्ये केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. तेथील सुरक्षारक्षकांना स्वयंचलित डिफिब्रिलेटर, म्हणजे एईडी, वापरायला शिकवले होते. लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि हृदय थरथरत असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांतील ७४ टक्के वाचले. ज्यांना त्याहून उशीर झाला, त्यांतील ४९ टक्के.

एईडी सुरू केले की ते बोलून सूचना देते. उघड्या, कोरड्या छातीवर दोन चिकट पॅड लावायचे असतात: एक उजवीकडे गळ्याजवळच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. हृदय या दोहोंच्या मध्ये येते. पॅड आधी कानाचे काम करतात आणि मग हाताचे. प्रथम यंत्र त्यांच्यामधून अगदी क्षीण प्रवाह सोडून छातीचा विद्युतरोध मोजते. पॅड नीट चिकटला नसेल तर ते येथेच कळते. त्यानंतर ते काही सेकंद ईसीजी वाचते आणि लाटांची उंची, वेग आणि आकार तपासते. या वेळी ‘रुग्णाला स्पर्श करू नका’ असे ते सांगते, कारण हाताच्या हालचालीने आलेली लाट हृदयाच्या लाटेत मिसळली तर निदान चुकू शकते. हलत्या वाहनातही हीच अडचण येते.

फिब्रिलेशन किंवा विशिष्ट प्रकारची अतिवेगवान लय दिसली, तरच कपॅसिटर भरतो आणि शॉकची परवानगी मिळते. नियमित धडधडणाऱ्या हृदयाला चुकून शॉक बसेल ही भीती त्यामुळे मनात ठेवण्याचे कारण नाही. बॅटरीतील ऊर्जा सुमारे १५० ते २०० ज्यूल इतकी साठवली जाते आणि दीड-दोन हजार व्होल्टच्या दाबाने, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या वेळात छातीतून जाते. मध्येच प्रवाहाची दिशा उलटवली जाते. त्यामुळे कमी ऊर्जेत काम होते. थांबलेले हृदय शॉकने ‘सुरू’ होते असा समज रूढ आहे, पण घडते ते उलट. शॉक जवळजवळ सर्व तंतूंना एकाच क्षणी उत्तेजित करून गोंधळ थांबवतो आणि त्या शांततेत हृदयाचा नैसर्गिक तालकर्ता पुन्हा सूत्रे हाती घेऊ शकतो. सरळ रेषेत थांबवण्यासारखा गोंधळच नसतो, म्हणून तेथे यंत्र शॉक देत नाही.

‘शॉकची गरज नाही’ हे वाक्य ऐकून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दाबणे थांबवतात. त्या वाक्याचा अर्थ रुग्ण बरा आहे असा होत नाही. या लयीवर शॉकचा उपयोग नाही, एवढेच यंत्र सांगत असते. रुग्ण निपचित असेल तर लगेच दाबायला लागावे. शॉक दिल्यानंतरही तसेच करावे, कारण लय परतली तरी दमलेला स्नायू पहिले मिनिटभर पुरेसे रक्त ढकलू शकत नाही. दोन मिनिटांनी यंत्र स्वतःच पुन्हा तपासणी करते. रुग्ण हालचाल करू लागला, नीट श्वास घेऊ लागला, तरी पॅड छातीवर तसेच आणि यंत्र चालूच ठेवावे. थरथर पुन्हा सुरू होऊ शकते.