स्वप्नातला अनुग्रह आणि देहूची कसोटी

आषाढवारीत तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामाला असते, तेव्हा तिथे 'आरती तुकारामा' म्हटली जाते. ही आरती रामेश्वर भटांची आहे. पुण्याजवळच्या वाघोलीचे हे विद्वान ब्राह्मण आधी तुकोबांचे विरोधक होते. 'तैसे हे तुकोबाचे अभंग उदकी रक्षिले' ही ओळ त्यांचीच. ज्या वादातून ती निघाली, त्याच्या मुळाशी एक स्वप्न होते आणि त्या स्वप्नाने मिळालेला अधिकार खरा मानायचा की नाही, हा प्रश्न होता. वारकरी परंपरेने तो प्रश्न कसा सोडवला, हे पाहायचे तर आधी स्वप्नाचा तपशील पाहायला हवा.

तुकोबांना कोणी देहधारी गुरू भेटला नाही. आपल्या एका अभंगात ते सांगतात की गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि भोजनासाठी पावशेर तूप मागितले. पण 'पडिला विसर स्वप्नामाजी'. पुढे गुरूने राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी मालिकेची खूण सांगितली, स्वतःचे नाव बाबाजी असे सांगितले आणि 'राम कृष्ण हरि' हा मंत्र दिला. शेवटच्या चरणात दिवसही येतो: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. दुसऱ्या एका अभंगात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात येतात, 'सांगितलें काम करावें कवित्व' अशी आज्ञा करतात आणि शतकोटी अभंगांच्या संकल्पातले जे उरले ते पुरे करायला सांगतात. म्हणजे एका स्वप्नाने गुरुपरंपरा दिली आणि दुसऱ्याने कवित्वाचा अधिकार दिला. जातीने शूद्र मानल्या गेलेल्या वाण्याने देशभाषेत धर्म सांगावा, याला त्या काळी शास्त्राचा आधार मिळणे कठीण होते. म्हणूनच या दोन स्वप्नांवर एवढा भार पडला.

पहिल्या अभंगातल्या तपशिलांची जात वेगवेगळी आहे. तुपाचा विसर ही गोष्ट कोणीच तपासू शकत नाही, परंतु ज्याला गुरुत्व मिरवायचे आहे असा माणूस आपल्या हातून सेवा घडली नाही हे सहसा सांगणार नाही, आणि मला वाटते की ऐकणाऱ्यांचा विश्वास बसायला ही कबुलीही कारण झाली असावी. मालिकेतली नावे मात्र तपासता येतात. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरशी चैतन्य परंपरेचे नाते सांगितले जाते. त्यामुळे स्वप्नातला गुरू निनावी तेजस्वी पुरुष न राहता एका ओळखीच्या साखळीतला दुवा ठरतो.

तिथी आणि वार यांचीही तपासणी झाली आहे. अभंगात शक दिलेला नाही. म्हणून अभ्यासकांनी तुकोबांच्या हयातीत माघ शुद्ध दशमी कोणकोणत्या वर्षी गुरुवारी आली, हे पंचांगाच्या गणिताने शोधले. या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही समजून घ्यायला हव्यात. कोणतीही तिथी ठरावीक वारी सरासरी सात वर्षांतून एकदा येते; त्यामुळे हे गणित बरीच वर्षे बाद करते, पण चाळीस-पन्नास वर्षांच्या आयुष्यात अनेक वर्षे शिल्लक ठेवते. मग नेमके वर्ष ठरवताना अभ्यासकाला दुष्काळ, संसारातली हानी, कवित्वाची सुरुवात अशा घटनांच्या क्रमाचा आधार घ्यावा लागतो, आणि तिथेच मतभेद होतात. शिवाय गणिताने तारीख तपासली जाते. त्या तारखेला काय दिसले, याबद्दल ते काहीच सांगू शकत नाही.

तुकोबांनी स्वतः ही कसोटी कुठे मानली होती, हे त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगात सापडते. 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता' असे म्हणून लगेच पुढे ते म्हणतात: 'मानियेला स्वप्नीं गुरूचा उपदेश । धरिला विश्वास दृढ नामीं'. हे दोन चरण एकापाठोपाठ येतात, याला मी फार महत्त्व देतो. स्वप्न पडले म्हणून ते खरे, असा त्यांचा दावा नाही. आपल्या मनाला साक्षीला उभे करून मग ते उपदेश स्वीकारतात. त्यानंतरचा क्रमही ते सांगतात: कवित्वाची स्फूर्ती झाली, मग निषेधाचा आघात झाला, वह्या बुडवल्या, धरणे धरून बसलो आणि नारायणाने समाधान केले.

पण एकाच्या मनाची ग्वाही समाजाला पुरत नाही. वह्या इंद्रायणीत बुडवल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. सविस्तर कथा मुख्यतः संतचरित्रकार महिपतींकडून आपल्यापर्यंत आली आहे, आणि त्यांचे ग्रंथ तुकोबांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी झाले. महिपतींनाही तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला, असे मानले जाते. म्हणजे स्वप्नाच्या खरेपणाचा हा चरित्रकार स्वतःच स्वप्नाच्या अधिकाराने लिहितो. म्हणून रामेश्वर भटांची साक्ष वजनदार ठरते: ते समकालीन होते आणि विरोधी बाजूने आले होते. त्यांचे मन बदलण्यामागेही आळंदीला ज्ञानेश्वरांनी दिलेला दृष्टांत सांगितला जातो. तो बाजूला ठेवला तरी विद्वान ब्राह्मण वाण्याच्या पायांवर डोके ठेवतो, ही गोष्ट गावाला उघड दिसत होती आणि तिची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागली असणार.

हा प्रश्न तेवढ्याने मिटला नाही, हे तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनावरून कळते. कोल्हापुरात वासरू मेल्यानंतर त्या शुद्ध हरपून पडल्या होत्या. त्या अवस्थेत, कार्तिक वद्य पंचमीला, तुकोबांनी स्वप्नात येऊन मस्तकी हात ठेवला आणि कानात मंत्र सांगितला, असे त्या लिहितात. तोवर त्यांनी तुकोबांना पाहिलेले नव्हते, फक्त त्यांचे अभंग ऐकले होते. वेदपाठी नवऱ्याला ब्राह्मण बायकोने शूद्राला गुरू करणे सहन झाले नाही. त्याने मारहाण केली, घर सोडून जायची तयारी केली. पुढे आजारपणात त्याचे मन पालटले आणि कुटुंब देहूला आले. तिथे राहणाऱ्या मंबाजी गोसाव्यांनी हा अनुग्रह मान्य केला नाही, बहिणाबाईंना छळले आणि पुण्याच्या आपाजी गोसाव्यांकडे पत्राने तक्रार केली. त्यांच्या तक्रारीचा रोख जातीवर होता. ब्राह्मण शूद्राच्या पाया पडतात, हेच त्यांना खुपत होते.

या प्रकरणात कोणताही मठ, धर्मसभा किंवा राजा निर्णय द्यायला पुढे आला नाही. स्वप्न पाहिलेल्या बाईने छळ सोसून अनुग्रह सोडला नाही, अभंगरचना चालू ठेवली आणि आपली परंपरा लिहिताना राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी, तुकोबा हाच क्रम लावला. म्हणजे तुकोबांना स्वप्नात मिळालेली मालिका त्यांच्या पुढच्याच पिढीत, दुसऱ्या एका स्वप्नातून आलेल्या शिष्येकडून, परंपरा म्हणून लिहिली गेली.

आणखी एक मुद्दा मला निर्णायक वाटतो. या स्वप्नांत मिळालेला मंत्र गुप्त राहिला नाही. 'राम कृष्ण हरि' वारीच्या वाटेवर कोणीही म्हणावा असा आहे, आणि या आज्ञांनी दुसऱ्या कोणाकडून पैसा, जमीन किंवा शरणागती मागितलेली नाही. जे मागितले ते स्वप्न पाहणाऱ्याकडूनच. अंगात देव आणून लोकांकडून नैवेद्य आणि दक्षिणा काढणाऱ्यांवर तुकोबांचे अभंग कठोर आहेत, आणि दोन्ही प्रकारांतला फरक त्यांच्या श्रोत्यांना इथेच ओळखता येत होता.