निर्दोष सुटलेल्यावर दुसरा खटला का चालत नाही?

समजा, धुऱ्यावरून दोन शेजाऱ्यांत जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या हातावर विळा मारला. तालुक्याच्या कोर्टात भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली खटला चालला, साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटला. वर्षभराने गावातला एक जण म्हणतो, "मी पाहिलं होतं, तेव्हा बोललो नाही." आता त्याच घटनेवर नवा गुन्हा दाखल होईल का? गावात बहुतेकांचं उत्तर "हो" असतं. कायद्याचं उत्तर "नाही" आहे.

हा नियम भारतात इंग्रजी कायद्यातून आला. इंग्लंडमध्ये ११६४ साली राजा दुसरा हेन्री आणि आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्यात वाद झाला. धर्मपीठाने दोषी ठरवलेल्या पाद्र्याला राजाच्या कोर्टाने पुन्हा शिक्षा करावी का, हा त्यातला एक मुद्दा होता. एकाच गोष्टीचा निवाडा दोनदा करायचा नाही, असं बेकेटचं म्हणणं होतं. पुढे इंग्रजी कोर्टांत 'मी आधीच सुटलोय' आणि 'मला आधीच शिक्षा झालीय' असे दोन वेगळे बचाव रुळले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे दोन्ही कलम ४०३ मध्ये एकत्र बसले. १९७३ च्या संहितेत ते कलम ३०० झालं आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३७ आहे.

अनेक जण, कधी वकीलसुद्धा, इथे राज्यघटनेच्या कलम २०(२) चा हवाला देतात. पण त्याचे शब्द आहेत 'खटला चालून शिक्षा'. शिक्षाच झाली नसेल तर ते कलम लागू होत नाही. मसुद्यात फक्त 'शिक्षा' होती, 'खटला' हा शब्द नंतर घातला गेला. निर्दोष सुटलेल्याचं संरक्षण मुख्यतः संहितेतच आहे, म्हणून कोर्टात कलम ३३७ मांडायचं.

विळ्याच्या प्रकरणाकडे परत येऊ. पोलिसांनी नवं कलम शोधलं, हाड मोडलं होतं म्हणून गंभीर दुखापतीचं ११८(२) लावलं, तरी चालत नाही. त्याच वस्तुस्थितीवर पहिल्याच खटल्यात जो आरोप ठेवता आला असता, तोही ३३७ खाली बंद होतो. नवा साक्षीदार मिळाला म्हणून हे दार उघडत नाही. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने काही गंभीर गुन्ह्यांत, ठोस नवा पुरावा असेल तर, अपवाद केला. आपल्याकडे तसं कलम नाही.

मार्ग आहे तो अपिलाचा. निर्दोष ठरवणारा निकाल 'लागू असेपर्यंत' खटला होत नाही, असे कलमाचे शब्द आहेत. अपिलात निकालच उलटला तर संरक्षण संपतं, आणि गरज वाटल्यास अपील कोर्ट फेरखटल्याचा आदेशही देऊ शकतं. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडितालाही अपिलाचा हक्क आहे. तालुका कोर्टाच्या निकालावर त्याने जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'सुटला' या शब्दाने. आरोप निश्चित होण्याआधी पुरावा पुरेसा नाही म्हणून कोर्टाने सोडलं, तर ती आरोपमुक्ती. ती निर्दोष मुक्तता नव्हे. नवा पुरावा आला तर खटला पुन्हा चालू शकतो. उलट, फिर्यादीने स्वतः कोर्टात दाखल केलेल्या समन्स खटल्यात, चेक न वटल्याच्या खटल्यात म्हणा, तोच तारखेला आला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७९ प्रमाणे हजर राहण्यासाठी ३० दिवस देऊन कोर्ट आरोपीला निर्दोष सोडू शकतं. एकही साक्ष न होता! फिर्यादीला वाटतं, पुन्हा अर्ज टाकू. पण ती खरीच निर्दोष मुक्तता असते आणि अपिलाशिवाय रस्ता उरत नाही. म्हणून आदेशाची प्रत हातात आली की आधी पाहायचं: आरोपमुक्त लिहिलंय की निर्दोष?

दोन मर्यादा. जखमी नंतर त्याच जखमेने दगावला, तर ज्याला मारहाणीची शिक्षा झाली होती त्याच्यावर मृत्यूचा वेगळा खटला चालतो. आणि पहिल्या कोर्टाला नव्या गुन्ह्याचा खटला चालवण्याचा अधिकारच नव्हता, तर निर्दोष मुक्ततेनंतरही तो योग्य कोर्टात चालू शकतो. खून फक्त सत्र न्यायालयात चालतो, त्यामुळे मॅजिस्ट्रेटपुढची सुटका तिथे आपोआप आड येत नाही.

हा बचाव तोंडी सांगून भागत नाही. आधीच्या निकालाची आणि दोषारोपपत्राची प्रमाणित नक्कल नव्या कोर्टात सुरुवातीलाच दाखल करायची. तारीख, जागा, जखमी माणूस आणि कृत्य तेच आहे, हे कोर्ट त्याच कागदांवरून ताडून पाहतं. जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली असेल तर नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून समन्स हाती पडताच अर्ज टाकावा.