एका पांढऱ्या केसाची तारीख

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे मुळापासून सहा सेंटीमीटरवरचा भाग सुमारे सहा महिन्यांपूर्वी तयार झालेला असतो. एकदा त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो आणि त्याचा नैसर्गिक रंग आतून बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक केस ही त्याच्या वाढीच्या काळाची नोंदवही ठरते. केस कधी पिकला, हे ती वाचून सांगता येतं.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले मार्टिन पिकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ही नोंदवही फार बारकाईने वाचली. त्यांनी १४ स्वयंसेवकांकडून केस घेतले. त्यात अर्धे काळे, अर्धे पांढरे, असे दुरंगी केस मुद्दाम शोधले होते. अशा केसाचं टोक गडद आणि मूळ पांढरं असेल, तर तो वाढता वाढता पिकला. पण काही केसांचं टोक पांढरं आणि मुळाकडचा भाग गडद निघाला. म्हणजे आधी पिकलेल्या केसात पुन्हा रंग आला होता. केसाची उच्च क्षमतेची चित्रं घेऊन लांबीनुसार रंगाची तीव्रता मोजली, की हा बदल नेमका कुठे झाला ते कळतं, आणि ‘कुठे’वरून ‘कधी’ काढता येतं.

स्वयंसेवकांना गेल्या वर्षभरातल्या ताणाचा आलेखही काढायला सांगितला होता. एका पुरुषाच्या पाच केसांत रंग परतला होता, आणि त्या सगळ्यांच्या लांबीवरून निघणारा काळ त्याच्या सुटीशी जुळला. ताणाचा आलेख नेमका तिथेच खाली आला होता. उलट उदाहरण एका तिशीतल्या स्त्रीचं होतं. तिच्या एका केसात दोन्हीकडे गडद आणि मध्ये सुमारे दोन सेंटीमीटर पांढरा पट्टा होता. दोन सेंटीमीटर म्हणजे दोन महिने. हा काळ तिच्या वैवाहिक आयुष्यातल्या सर्वांत खडतर काळाशी जुळला. अभ्यास लहान होता आणि आलेख आठवणीवर आधारलेले होते, त्यामुळे ताणामुळेच हे घडलं असं सिद्ध झालं नाही. मात्र माणसाचा पांढरा केस त्याच वाढीत पुन्हा गडद होऊ शकतो, हे त्या केसांवर प्रत्यक्ष दिसत होतं.

याच्या एकच वर्ष आधी हार्वर्डमध्ये या-चिए शू यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष याच्या विरोधात जाणारा वाटतो. तीव्र ताण दिलेल्या काळ्या उंदरांचे केस पांढरे झाले आणि ते पुन्हा काळे झाले नाहीत. आधी संशय प्रतिकारशक्तीवर होता, पण प्रतिकारपेशी नसलेले उंदीरही पांढरे झाले. मग ताणाची संप्रेरकं सोडणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी काढून पाहिल्या, तरीही केस पिकलेच. शेवटी कारण सापडलं ते केसाच्या मुळाभोवतीच्या मज्जातंतूंमध्ये. संकटसमयी छातीत धडधड वाढवणाऱ्या मज्जासंस्थेचेच हे तंतू. ताणात ते नॉरअॅड्रिनॅलिन नावाचं रसायन सोडतात आणि ज्यांच्यापासून केसाला रंग देणाऱ्या पेशी तयार होतात, त्या राखीव मूळपेशी त्यामुळे एकदम कामाला लागतात. काही दिवसांतच त्यांचा साठा संपतो.

मग माणसात रंग परतला कसा? इथे रंगाची व्यवस्था समजून घ्यायला हवी. केसाच्या मुळाशी, कंदात, रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून वाढत्या केसात भरतात. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग वाढ थांबते, तो गळतो आणि त्याच जागी नवा केस सुरू होतो. दर फेरीला जुन्या रंगपेशी नष्ट होतात आणि त्याच केशमुळाच्या वरच्या भागात राखीव असलेल्या मूळपेशींपासून नव्या तयार होतात. वयाबरोबर हा राखीव साठा घटतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांत आणखी एक गोष्ट दाखवली. केस म्हातारा होतो तशा बऱ्याच मूळपेशी राखीव जागेतच अडकून पडतात. त्या जिवंत असतात, पण कंदापर्यंत पोचून पक्व होत नाहीत.

हार्वर्डच्या उंदरांत राखीव साठाच गेला होता, म्हणून परतीची वाट उरली नाही. कोलंबियाच्या अभ्यासातले केस मात्र एकाच वाढीच्या फेरीत पांढरे होऊन गडद झाले. माझ्या मते या दोन अभ्यासांतला सगळा विरोध इथेच मिटतो. त्या केसांत पेशी हजर असाव्यात आणि फक्त त्यांचं काम थांबलेलं असावं. पिकार्ड यांच्या गटाने एक उंबरठा कल्पिला आहे. वयाबरोबर प्रत्येक केस हळूहळू त्या उंबरठ्याकडे सरकतो. जो अगदी काठावर आहे, त्याला ताण पलीकडे ढकलू शकतो आणि ताण ओसरल्यावर तो अलीकडे येऊ शकतो. दहा वर्षांच्या मुलाचे केस उंबरठ्यापासून दूर असतात, म्हणून परीक्षेच्या ताणाने ते पिकत नाहीत. पंधरा वर्षं पांढरा असलेला केस उंबरठ्याच्या फार पलीकडे गेलेला असतो. तो सुटीने काळा होत नाही.

कोणाचे केस या उंबरठ्यावर कधी पोचतील, यात जनुकांचा वाटा मोठा असतो. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात केस पिकण्याशी निगडित पहिलं जनुक सापडलं. त्याचं नाव आयआरएफ-४. मेलॅनिनच्या निर्मितीवर त्याचं नियंत्रण असतं आणि केसांच्या मूळ रंगाशीही त्याचा संबंध आधीच माहीत होता. पण त्या एका जनुकाने फरकाचा लहानसा भागच उलगडतो, बाकीचा अनेक जनुकांत विखुरलेला आहे. आई-वडिलांचे केस कोणत्या वयात पिकले, हा अंदाजासाठी अजूनही सर्वांत उपयोगी धागा आहे.

म्हणूनच केसांवरून वय काढणं धोक्याचं आहे. पन्नाशीत निम्म्या लोकांचे निम्मे केस पांढरे असतात, असा एक जुना ठोकताळा होता. जगभरातल्या चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २०१२ मध्ये तो तपासला गेला. पन्नाशीला निम्मे केस पांढरे असलेले लोक, वंश आणि केसांच्या मूळ रंगानुसार, फक्त ६ ते २३ टक्के निघाले. सुरुवातही सगळीकडे एका वयात होत नाही. त्वचारोगतज्ज्ञ गोऱ्या वंशाच्या लोकांत विशीच्या आत, आशियाई लोकांत पंचविशीच्या आत आणि आफ्रिकी वंशात तिशीच्या आत पांढरे केस आले तरच त्याला अकाली म्हणतात.

एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या कथा या हिशेबात बसत नाहीत, कारण बाहेर आलेला भाग रंग गमावत नाही. मिश्र केसांच्या डोक्यावर मात्र एक आजार तसा भास निर्माण करू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती केशमुळांवर हल्ला करते, रंगीत केस झपाट्याने गळतात आणि पांढरे टिकून राहतात. नवं काहीच पिकलेलं नसतं, तरी डोकं काही दिवसांत किंवा आठवड्यांत पांढरं दिसू लागतं.

अकाली पिकण्याच्या काही मोजक्या कारणांवर उपचार आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार त्यांत येतात. घरात कोणाचेही केस लवकर पिकलेले नसताना विशीतच पांढरे केस दिसू लागले आणि सोबत थकवा किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर रक्ततपासणी करून घ्यावी. कमतरता भरून निघाल्यावर काहींच्या केसांत रंग परततो. तो दिसतो फक्त मुळाकडून नव्याने येणाऱ्या भागात, महिन्याला एक सेंटीमीटर या गतीने.