त्राबालेंग्वास आणि न्यूनतम युग्मे (स्पॅनिश उच्चारसराव)

स्पॅनिशमध्ये जिभेची बोबडी वळवणाऱ्या वाक्यांना 'त्राबालेंग्वास' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'जिभेला अडवणारे'. आपल्याकडचे 'काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' याच जातीचे. न्यूनतम युग्म म्हणजे एकाच ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलणारी शब्दांची जोडी. मराठीतले 'काल' आणि 'काळ' हे सोपे उदाहरण. घरी एकट्याने स्पॅनिश शिकणारे ही दोन्ही साधने वापरतात, पण दोघांचे काम वेगळे आहे. युग्म कानाला फरक पकडायला शिकवते आणि त्राबालेंग्वास तो फरक वेगातही टिकतो का हे तपासते. हा क्रम उलटा केला की चूकच वेगाने पाठ होते.

सर्वांत जास्त सराव 'र' या ध्वनीचा होतो, कारण स्पॅनिशमध्ये 'र' दोन आहेत. एकात जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला एकदाच निसटता टोला देते. दुसऱ्यात तेच टोक हवेच्या झोताने थरथरते आणि सहसा दोन-तीन टोले पडतात. या नोंदीत पहिल्यासाठी 'र' आणि दुसऱ्यासाठी 'र्र' लिहिले आहे. पेरो म्हणजे 'पण', पेर्रो म्हणजे 'कुत्रा'. कारो म्हणजे 'महाग', कार्रो म्हणजे 'गाडी'. कोरो म्हणजे 'समूहगान', कोर्रो म्हणजे 'मी धावतो'. आओरा म्हणजे 'आता', तर आओर्रा म्हणजे 'तो बचत करतो'. अर्थ बदलणारा हा भेद फक्त दोन स्वरांच्या मध्ये असतो. शब्दाच्या सुरुवातीला आणि न, ल, स यांच्यानंतर एकच अक्षर लिहिलेले असले तरी उच्चार थरथरताच होतो.

मराठी माणसाला पहिला 'र' सहसा शिकावा लागत नाही. दुसराही अगदी अनोळखी नाही. 'टर्रकन फाटले', 'चिमणी भुर्र उडाली' म्हणताना तो तोंडातून निघून जातो. मात्र लहान मुलांना खेळवताना 'भुर्र' पुष्कळदा ओठ थरथरवून म्हटले जाते. ते इथे उपयोगाचे नाही, थरथरायला हवे ते जिभेचे टोक. जिभेच्या कडा वरच्या दाढांना टेकवायच्या, टोक सैल सोडायचे आणि हवा जोराने सोडायची. टोक आपण हलवायचे नसते, हवा ते हलवते. हे न कळल्यामुळे बहुतेक जण जीभ ताठ करतात, मग आवाज एका टोल्यावर थांबतो किंवा नुसतीच फूस निघते. घशातून घरघर येत असेल तर जिभेचा मागचा भाग उचलला गेला आहे असे समजावे. स्पॅनिश मुलांनाही हा ध्वनी सगळ्यांत शेवटी येतो, त्यामुळे सहा महिन्यांत तो बसला नाही तर जिभेला दोष देऊ नये.

इथेच त्राबालेंग्वास निवडताना एक गफलत होते. सर्वांत प्रसिद्ध वाक्य आहे 'त्रेस त्रीस्तेस तीग्रेस त्रागाबान त्रीगो एन उन त्रीगाल', म्हणजे 'तीन दुःखी वाघ गव्हाच्या शेतात गहू गिळत होते'. थरथरता 'र' यावा म्हणून अनेकजण हेच घोकतात. प्रत्यक्षात त्यात तो एकदाही येत नाही! सगळे 'र' त किंवा ग यांना जोडलेले, एका टोल्याचे आहेत. या वाक्याची खरी अडचण अशी की 'त्र' आणि साधा 'त' आलटून पालटून येतात आणि वेगात 'त्रीस्तेस'चे 'त्रीस्त्रेस', 'तीग्रेस'चे 'त्रीग्रेस' होते. मराठी माणसाची आणखी एक चूक म्हणजे भर नसलेला 'आ' तो 'अ'कडे ओढतो आणि 'त्रागाबान'चे 'त्रगाबन' करतो. स्पॅनिशमधला प्रत्येक स्वर आखूड असला तरी पूर्ण उच्चारायचा असतो.

'र्र'साठी खरे वाक्य आहे सान र्रोकेच्या कुत्र्याचे. हे चौदाव्या शतकातले, मोंपेलिएचे मानले जाणारे संत प्लेगपासून रक्षण करतात अशी श्रद्धा आहे, आणि चित्रांत त्यांच्या पायाशी कुत्रा असतोच. वाक्य असे: 'एल पेर्रो दे सान र्रोके नो त्येने र्राबो, पोर्के र्रामोन र्रामीरेस से लो आ कोर्तादो'. सान र्रोकेच्या कुत्र्याला शेपूट नाही, कारण र्रामोन र्रामीरेसने ती कापली. थरथरते 'र' मोजले तर पाच भरतात: पेर्रो, र्रोके, र्राबो, र्रामोन आणि र्रामीरेसचा पहिला. र्रामीरेसच्या मधला मात्र एका टोल्याचा आहे. कसोटी लागते ती याच शब्दावर, कारण जीभ एकदा थरथरू लागली की मधलाही 'र' थरथरवते. म्हणून आधी 'र्रामीरेस' एकटा दहा वेळा म्हणावा, मग 'र्रामोन र्रामीरेस', मग वाक्याचा शेवटचा तुकडा, आणि सर्वांत शेवटी सबंध वाक्य. शेवटाकडून मागे येत बांधले की अडणारी जागा दर वेळी ताज्या दमाने म्हटली जाते. वेगासाठी मिनिटाला साठ ठोके देणारा मेट्रोनोम लावून दर ठोक्याला एक भर असलेला शब्द घ्यावा आणि सलग तीन वेळा बिनचूक झाल्यावरच पाच ठोके वाढवावेत.

दुसरा भेद मराठी कानाला जास्त जड जातो, तो म्हणजे आघाताचा. मराठीत कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही, स्पॅनिशमध्ये बदलतो. आब्लो या शब्दात 'आ'वर भर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. नागरी लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, आणि नागरीत टिपणे काढणाऱ्याची फसगत नेमकी इथे होते. यासाठी 'पाब्लीतो क्लाबो उन क्लाबीतो, के क्लाबीतो क्लाबो पाब्लीतो?' हे वाक्य उत्तम आहे. पाब्लीतोने एक छोटा खिळा ठोकला, कोणता खिळा ठोकला पाब्लीतोने? क्लाबोचा भर शेवटी हवा. वेगात तो पहिल्या अक्षरावर घसरला की 'ठोकला'चे 'मी ठोकतो' किंवा नुसता 'खिळा' होते. याच वाक्यात रोमन लिपीतला v येतो. तो 'व' म्हणू नये. B आणि v यांचा उच्चार स्पॅनिशमध्ये एकच आहे, आणि स्वरांच्या मध्ये तो ओठ पुरते न मिटता होतो. म्हणून b-v ची युग्मे शोधण्यात अर्थ नाही.

उलट 'तोदो' (सगळे) आणि 'तोरो' (बैल) ही जोडी मराठी माणसाने जरूर घ्यावी. 'तोदो'मधला 'द' दातांजवळचा आणि सैल असतो. तो 'घोडा'मधल्या 'ड'सारखा म्हटला तर ऐकणाऱ्याला सरळ बैल ऐकू येतो.

स्वतःची परीक्षा अशी घेता येते. दहा जोड्यांतले वीस शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहावेत, चिठ्ठ्या पिसून फोनवर ध्वनिमुद्रित करावेत आणि चिठ्ठ्यांचा क्रम लिहून ठेवावा. दोन दिवसांनी, क्रम विसरल्यावर, ऐकून कोणता शब्द आला ते लिहावे. नुसत्या अंदाजानेही दहाच्या आसपास बरोबर येतात, तेव्हा सतरा-अठराच्या खाली असेल तर फरक तोंडात नाही असेच समजावे. याच शब्दांचे स्पॅनिश माणसाने केलेले मुद्रण आधी ऐकून तशीच परीक्षा दिली, तर दोष तोंडाचा आहे की कानाचा हेही कळते. अॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या Praat या मोफत प्रणालीत मुद्रण उघडले तर पेरोमध्ये एकच बारीक खंड दिसतो, पेर्रोमध्ये दोन-तीन ओळीने.

काही जोड्या प्रदेशावर अवलंबून असतात. 'घर' आणि 'शिकार' या अर्थांचे casa आणि caza स्पेनच्या बहुतेक भागांत वेगळे ऐकू येतात, कारण दुसऱ्यात जीभ दातांमध्ये येते. लॅटिन अमेरिकेत आणि अंदालुसियाच्या बऱ्याच भागांत दोन्ही 'कासा'च. मेक्सिकोची स्पॅनिश शिकणाऱ्याने ही जोडी घोकत बसू नये.