उद्देश वेगळा, शीर्षक वेगळं

जर्नलं तपासायला घेतली की निम्म्या रिपोर्टांवर हे दिसतं. शीर्षक: 'लिंबाच्या रसातील क जीवनसत्त्वाच्या प्रमाणावर तापमानाच्या होणाऱ्या परिणामाचा अभ्यास करणे'. दोन ओळी खाली उद्देश, आणि त्यातही शब्दन् शब्द तेच. मॅन्युअलमधलं वाक्य दोनदा उतरवलेलं असतं. मुलांना वाटतं, दोन्ही एकच. ते एकच नाहीत, हे याच प्रयोगावर नीट दिसतं.

प्रयोग साधा आहे. लिंबाचा रस गाळून चार नळ्यांत भरायचा, बुचं लावायची. एक नळी तशीच ठेवायची, बाकीच्या तीन ८० अंश सेल्सियसच्या वॉटर बाथमध्ये १०, २० आणि ३० मिनिटं. गार झाल्यावर प्रत्येकीतला १० मिली रस शंकूपात्रात घ्यायचा, स्टार्चचे काही थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ०.००५ मोलर आयोडीन सोडायचं. निळा-काळा रंग हलवूनही टिकला की थांबायचं. १ मिली आयोडीन म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. समजा न तापवलेल्या रसाला ४.६ मिली आयोडीन लागलं आणि ३० मिनिटं तापवलेल्याला ३.६ मिली. म्हणजे १०० मिली रसात आधी सुमारे ४० मिलिग्रॅम होतं, नंतर ३२ च्या आसपास उरलं.

आता वरचं शीर्षक पुन्हा वाचा. 'तापमानाचा परिणाम'. पण तापमान बदललं कुठे? ते चारपैकी तीन नळ्यांना सारखंच होतं, ८० अंश. बदलत गेली ती मिनिटं. म्हणजे शीर्षक लांब आहे, गुळगुळीत आहे आणि चूकही आहे. तापमानाचा परिणाम म्हणायचा तर ४०, ६० आणि ८० अंशांना सारखाच वेळ ठेवायला हवं होतं.

उद्देशाला एवढं काटेकोर असावं लागत नाही. तो प्रयोगाआधी लिहिलेला बेत असतो, त्यामुळे 'तपासणे', 'शोधणे', 'पडताळणे' असं क्रियापद त्यात चालतंच, किंबहुना लागतंच. बेत थोडा फसला तरी उद्देश तसाच राहतो. शीर्षक मात्र झालेल्या कामाचं नाव असतं. म्हणून ते सगळ्यात शेवटी लिहावं, आलेख काढून झाल्यावर.

आलेखावरूनच ते सापडतं. आडव्या अक्षावर काय लिहिलंय? तापवण्याचा कालावधी, मिनिटांत. उभ्या अक्षावर? क जीवनसत्त्व, मिलिग्रॅममध्ये. ही दोन नावं आणि पदार्थ एवढं शीर्षकात आलं की झालं: '८० अंश सेल्सियसला तापवण्याचा कालावधी आणि लिंबाच्या रसातील क जीवनसत्त्व'. मला स्वतःला याहून 'लिंबाचा रस तापवल्याने क जीवनसत्त्वात होणारी घट' जास्त आवडतं, कारण निकाल कळतो. पण त्यात कालावधी गेला, आणि घट खरोखर दिसली असेल तरच ते लिहिता येईल. काही शिक्षकांना शीर्षकात निकाल नकोच असतो, तेव्हा आधी विचारून घ्या.

लांबी शब्द मोजून कमी करायला गेलात तर नको ते कापलं जातं. मराठीत शीर्षक फुगतं ते बहुतेक 'च्या'च्या साखळीमुळे. प्रमाणावर तापमानाच्या होणाऱ्या परिणामाचा अभ्यास: यातला 'होणाऱ्या' काहीच सांगत नाही, 'अभ्यास करणे' तर रिपोर्ट आहे म्हटल्यावर आलंच. ते दोन्ही काढा. पण 'लिंबाच्या रसातील' काढून नुसतं 'क जीवनसत्त्व आणि उष्णता' असं केलंत, तर ते पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं नाव होतं. त्यात आवळाही बसेल, पालकही बसेल.

आयोडीनच्या टायट्रेशनचं नाव घालायचं का? एरवी नाही, पद्धत आत लिहिलेली असतेच. पण हाच रस कुणी आयोडीनने आणि डीसीपीआयपी या निळ्या रंगद्रव्याने अशा दोन्ही तऱ्हांनी मोजून आकडे जुळतात का बघितलं असेल, तर पद्धती हाच विषय झाला. मग मिनिटं शीर्षकातून बाहेर जातात आणि दोन्ही पद्धतींची नावं आत येतात: 'लिंबाच्या रसातील क जीवनसत्त्व: आयोडीन आणि डीसीपीआयपी टायट्रेशनची तुलना'. रस तोच, ब्युरेट तोच, रिपोर्ट मात्र दुसरा.